कूम कुठल्या रकान्यात?

लोक मला भोचक म्हणतात. म्हणू देत. जिला परक्या माणसांतून कामाची माणसं निवडायची आहेत, ती बाई भोचक नसेल तर करणार काय? बावीस वर्षं मी चाचाक गावातल्या या पंपांच्या कारखान्यात नोकरभरती पाहते. मालक बदलले, पाटी बदलली, आता सगळं व्हिएन्नाहून चालतं, पण दाराशी येणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न अजून मीच विचारते. माझं नाव देसांका. कारखान्यात कोणी मला नुसतं देसा म्हणत नाही, त्यावरून काय ते समजा.

त्या वर्षी प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती. बाहेरून येणारे ओतीव लोखंडाचे सुटे भाग आमच्या पंपांत बसण्याआधी तिथे तपासतात. तुकडा यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायचा, कितीला तुटला ते लिहायचं, आणि माल ठेवायचा की परत पाठवायचा ते ठरवायचं. काम जबाबदारीचं. अर्ज एकोणीस आले, त्यातले दोन मला बरे वाटले.

पहिला सुबोतित्साहून आला होता. झोराना तोमोविच, वय चौतीस, नऊ वर्षं याच कामात. मी तिला फोन लावला, नाव सांगितलं, आणि मी पुढचं काही विचारायच्या आत ती म्हणाली, "देसांकाबाई, एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको. माझा नवरा तुमच्याकडेच कामाला आहे."

मी पेन खाली ठेवलं. ही गोष्ट लोक कधी सांगतात ते मला विचारा. कोणी रुजू झाल्यावर सांगतं, कोणी सांगतच नाही. एक पठ्ठ्या तर तीन वर्षं बायकोला जेवणघरात 'मॅडम' म्हणत होता, आणि नववर्षाच्या पार्टीत त्यांचं पोरगं "आई, बाबा" करत दोघांच्या मधे येऊन उभं राहिलं तेव्हा आम्हाला कळलं. पहिल्या मिनिटाला सांगणारी बाई मला आवडली.

"कोण तुमचे मिस्टर?"

"ओग्न्येन तोमोविच. पंप जुळणीत."

"दुसऱ्या पाळीचा मुकादम? तो उंच, कायम शीळ घालणारा?"

"अजून घालतो का?" ती हसली. लगेच म्हणाली, "मग माझी संधी गेली म्हणायची?"

"सांगितल्याने गेली नाही. लपवलं असतं तर गेली असती." मी तिला नियम समजावला. नातेवाईक एकाच कारखान्यात असायला हरकत नाही. पण एक दुसऱ्याचा वरिष्ठ नको, एकाच्या कामावर दुसऱ्याने शिक्का मारायला नको, आणि निवड करणाऱ्यांत नात्याचा माणूस बसायला नको. "तुमच्यासाठी एक फॉर्म पाठवते. खरं तेच भरा. व्हिएन्नाहून होकार आला की मुलाखत."

"भरते. आणखी एक, हे तुमच्या कामाचं नाही, पण सांगते. ओग्न्येनची आई अंथरुणाला खिळलेली आहे, त्याला चाचाक सोडता येत नाही. मी आणि आमची विदा सुबोतित्सात. चार वर्षांची आहे. बसने पाच तास लागतात, म्हणून तो शनिवारी येतो आणि रविवारी जातो. मागच्या महिन्यात पोरगी मला म्हणाली, 'आई, बाबा शनिवारी कुठून बनून येतो?'"

हे खरंच माझ्या कामाचं नव्हतं. पण ऐकलेलं परत करता येत नाही. त्या दिवसापासून मी ओग्न्येनची शीळ ऐकली की मला त्या पोरीचा प्रश्न आठवायचा.

फॉर्म दुसऱ्याच दिवशी आला. त्यात पाच रकाने: नवरा किंवा बायको, आईवडील, मूल, भावंडं, आणि सासरकडची हीच मंडळी. झोरानाने पहिल्या रकान्यात खूण केली होती, ओग्न्येनचं नाव, विभाग, हुद्दा, सगळं नीट. बाकी चार रकान्यांत रेघ. मी ते वर पाठवलं. व्हिएन्नात या गोष्टी एगरबाई पाहतात. त्यांचं उत्तर तीन दिवसांत आलं: हरकत नाही, प्रयोगशाळेचे वरिष्ठ वेगळे, जुळणीचे वेगळे, नवऱ्याला निवडीपासून लांब ठेवा, आणि कागद फाइलला लावा.

दुसरा अर्ज नेवेनाचा होता. नेवेना सव्वीस वर्षांची, इथल्याच दुधाच्या कारखान्यात दोन वर्षं रसायनं तपासत होती. हुशार पोर, आणि मी म्हणते म्हणून नव्हे. तिची आई स्तोयांका माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी नेवेनाला हातावर घेऊन उभी राहिले ती मीच. माझ्या टेबलावर तो फोटो आहे: मी लाल कोटात, ती पांढऱ्या दुपट्यात, आणि पाद्रीबाबांचं अर्धं डोकं. अर्ज कर असं तिला मीच म्हटलं होतं. चांगलं माणूस दिसलं की सांगायचं नाही का?

मुलाखतीला आम्ही तिघं बसणार होतो. मी, प्रयोगशाळेचा प्रमुख वुकाशिन, आणि दर्जा विभागाच्या सर्वांत वरच्या बिसेर्काबाई. बसण्याआधी तिघांनी एका कागदावर सही करायची असते, की उमेदवारांपैकी कोणीही आमचा नवरा, बायको, आईबाप, मूल, भावंड, सासरचं माणूस नाही. मी सही केली. बिसेर्काबाईंनी केली. वुकाशिनने कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला, आणि मग केली. मला वाटलं, म्हातारा होत चाललाय.

वुकाशिनबद्दल सांगायला हवं. पंचवीस वर्षं त्या प्रयोगशाळेत. मालवाल्याने नाताळला पाठवलेली दारूची बाटली तो पावती लावून परत पाठवतो. त्याच्या पोराला इथे सुट्टीतलं काम हवं होतं तर याने त्याला शेजारच्या गावच्या लाकडाच्या वखारीत धाडलं. असा माणूस सोबत असला की मला निर्धास्त वाटतं.

झोराना आली. साधा करडा कोट, केस मागे बांधलेले, हातावर जुना भाजल्याचा डाग. दारात तिने वुकाशिनकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. त्याने घाईघाईने म्हटलं, "बसा बाई, बसा." तोंड मिटून ती बसली.

कँटीनची बाई कॉफी घेऊन आली. आमच्याकडे कॉफी साखर घालूनच उकळतात, आणि ज्याला कडू हवी त्याची वेगळी उकळावी लागते. ट्रेमध्ये तीन गोड, एक कडू. कडू माझ्यासाठी, साखरेचा त्रास मला. बाईने ट्रे ठेवला, वुकाशिनने कागदांतून मान वर न करता कडू कप उचलला आणि झोरानासमोर ठेवला. तिने "थँक्यू" म्हटलं आणि प्यायली. मला गोड घ्यावी लागली.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. ओळख ना पाळख, आणि या माणसाला हिची कॉफी ठाऊक?

मुलाखत सुरू झाली. बिसेर्काबाईंनी यंत्रं, मोजमापं, चुका कशा पकडतात ते विचारलं. झोराना एकेक उत्तर असं देत होती, की जणू ती बोलताना तुकडा समोर तुटतोय. मग वुकाशिन बोलायला लागला. बाप रे! त्याचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तीच गोष्ट तीनदा विचारायची, उत्तर अर्ध्यात तोडायचं, "पुस्तकी आहे हे" म्हणायचं. शेवटी त्याने पेन टेबलावर आपटलं.

"समजा तुम्ही ओतीव मालाचा सगळा गाडा नाकारलात. जुळणीचं काम थांबलं. तुमचे मिस्टर रिकाम्या टेबलापाशी उभे. त्यांनी तुम्हाला फोन केला. काय कराल?"

"उचलणार नाही," झोराना म्हणाली. "पाळी संपल्यावर उचलेन."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी गेल्यावर भांडेन. भांडायला घर एक असलं पाहिजे ना आधी."

बिसेर्काबाई हसल्या. मीही हसले. वुकाशिन कागदावर काहीतरी लिहीत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

दुपारी नेवेना आली. तिचंही बरं झालं. लोखंड तिला नवं होतं, पण शिकेन म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. मी आतून फुलले.

संध्याकाळी गुण मांडले. पाच गोष्टी, प्रत्येकी पाच गुण, म्हणजे प्रत्येकाच्या हातात पंचवीस. झोरानाला मी बावीस दिले, बिसेर्काबाईंनी तेवीस. वुकाशिनने नऊ. नऊ! नेवेनाला माझे वीस, बिसेर्काबाईंचे सतरा, वुकाशिनचे एकोणीस. बेरीज केली: नेवेना छप्पन्न, झोराना चोपन्न.

मला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. स्तोयांकाला फोन करायला हात शिवशिवत होता. पण त्या नऊ गुणांनी मला जेवण गोड लागू दिलं नाही. आमच्याकडे असा नियम आहे, की एकाचे गुण बाकीच्यांपासून फार लांब गेले तर कारण लेखी मागायचं आणि तोवर निकाल लावायचा नाही. मी वुकाशिनला चिठ्ठी पाठवली. उत्तर एका ओळीत आलं: 'उमेदवाराकडे स्वतंत्र बाणा दिसला नाही.' नवऱ्याचा फोन न उचलणाऱ्या बाईकडे? मी ती ओळ चारदा वाचली आणि उठून जुळणी विभागात गेले.

ओग्न्येन शीळ घालत नट मोजत होता. मला बघून थांबला. "काय झालं देसांकाबाई? लागला निकाल?"

"निकालाचं मी तुला सांगणार नाही, आणि तूही विचारायचं नाही," मी म्हटलं. "मला वेगळंच विचारायचंय. तुझी बायको कॉफी कडू घेते, हे वुकाशिनला कसं ठाऊक?"

"म्हणजे काय? आमच्या लग्नापासून ठाऊक आहे त्याला." तो हसला. "आमचा कूम आहे ना तो."

मी जवळच्या खोक्यावर बसले. कूम म्हणजे कोण ते आमच्याकडे पोराटोरांना कळतं. लग्नात मेणबत्ती घेऊन शेजारी उभा राहतो तो कूम, रजिस्टरवर सही करतो तो कूम, पुढे मूल झालं की बाप्तिस्म्याला हातावर घेतो तोही बहुतेक तोच. बाई असली तर ती कुमा, आणि हाक दोन्हीकडून तीच. भावाशी भांडण झालं तर लोक खांदे उडवतात. कुमाशी झालं तर गावात चर्चा होते. त्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं.

"ओग्न्या, अरे बाबा, मग हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलं?"

"फॉर्म तिने मला वाचून दाखवला होता की. नातेवाईक विचारले होते तुम्ही. कूम काय नातेवाईक आहे का?"

"मग कोण आहे?"

"कूम आहे!" तो म्हणाला, जणू मला आकाशाचा रंग माहीत नव्हता. मग आवाज खाली करून, "खरं सांगू? झोरानाने विचारलं होतं मला, हे कुठे लिहायचं म्हणून. मी म्हटलं, रकानाच नाही तर कुठे लिहिणार. आणि मुद्दाम आम्ही वुकाशिनकडे एक शब्द टाकलेला नाही हं. कुमाला असं अवघडवायचं नसतं. तो आपणहून काय ते करेलच."

त्याने आपणहून काय केलं ते माझ्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद होतं. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि निघाले. पाठीमागे शीळ पुन्हा सुरू झाली. मला ती ऐकवेना.

वुकाशिन प्रयोगशाळेत एकटाच होता. तुटलेल्या तुकड्यांचा डबा पुढ्यात घेऊन बसला होता. मी दार लावलं.

"नऊ कसले दिलेस रे?"

"लिहून दिलंय."

"ते जे लिहिलंयस ते तुझ्या तोंडाने म्हणून दाखव."

मी समोर बसले. "कडू कॉफी तिच्यापुढे सरकवलीस तेव्हाच पकडला गेलास तू. तिच्या लग्नात मेणबत्ती धरून उभा होतास, आणि कोरा चेहरा करून 'बसा बाई'?"

"मग काय करायला हवं होतं?" तो एकदम उसळला. "वीस दिले असते तर उद्या सगळं चाचाक म्हणालं असतं, वुकाशिनने कुमा आणून बसवली. पंचवीस वर्षं कोणाला माझ्याकडे बोट दाखवता आलेलं नाही, देसांका!"

"म्हणून ती सुबोतित्सात राहू दे? तुझ्या नावाला डाग नको म्हणून पोरीने शनिवार मोजायचे?"

त्याने डबा हातात घेतला, परत ठेवला. "मला वाटलं, तुम्ही दोघी भरपूर द्याल. माझ्या नऊ गुणांनी काही बिघडणार नाही. फक्त माझ्या कागदावर मी कडक दिसेन." मग हळू आवाजात, "त्या विदाला पुढच्या महिन्यात बाप्तिस्म्याला मीच हातावर घेणार आहे. काय तोंडाने घेऊ सांग."

इतका वेळ राग होता, आता मला त्याची दया आली. माणूस खोटा नव्हता. स्वतःला वाकडं कोणी म्हणू नये म्हणून भलतीकडेच वाकला होता.

"आधी सांगायचं होतंस. मी तुझ्या जागी दुसरं कोणी बसवलं असतं, संपलं असतं. सही करताना दोनदा वाचलास ना तो कागद?"

"दोनदा वाचला. कूम नव्हता त्यात." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू किती वेळा वाचलास?"

"मी कशाला वाचू? माझं कोण होतं त्यात?"

"नेवेनाला हातावर कोणी घेतलं होतं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. आईशप्पथ सांगते, त्या क्षणापर्यंत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बावीस वर्षं दुसऱ्यांची नाती हुंगत फिरणारी मी, आणि माझ्याच टेबलावर तो लाल कोटातला फोटो. त्यावरची धूळ मी रोज पुसते.

"ती वेगळी गोष्ट," मी म्हटलं.

"कशी?"

मी उठले आणि माझ्या खोलीत येऊन कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत बसले. गप्प राहिले असते तर छप्पन्न गुण पुरेसे होते. नेवेनाला नोकरी लागली असती, स्तोयांकाने माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं असतं. कागदावर तर सगळं नियमातच होतं. मग मी दुपारी चार वाजता एगरबाईंना फोन लावला. का लावला ते मला विचारू नका. बहुतेक वुकाशिनसारखं व्हायची भीती वाटली.

पडद्यावर एगरबाई दिसल्या. पासष्टच्या, पांढरे आखूड केस, मागे फुलझाडांची खिडकी. मी सगळं सांगितलं, त्याचं आणि माझंही. त्यांनी विचारलं, "हा कूम कायद्याने नातेवाईक असतो का?"

"नाही."

"रक्ताचा?"

"मुळीच नाही. रक्ताचा नको म्हणूनच तर निवडतात."

"मग मला हे कुठल्या रकान्यात घालू?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता. वहीत लिहून घेत होत्या. मग पेन थांबलं. "देसांका, एकच सांगा. या कुमाने तुमच्याकडे काही मागितलं, तर तुम्हाला नाही म्हणता येतं?"

"मागावं लागत नाही, बाई," मी म्हटलं. "आधीच द्यावंसं वाटतं. किंवा आधीच द्यायची भीती वाटते."

त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं. "मग रक्ताचं नाही म्हणून काय झालं," त्या म्हणाल्या. "रकाना वाढवू."

निर्णय संध्याकाळी लेखी आला. आमचे दोघांचे गुण रद्द. दोन्ही उमेदवारांची मुलाखत पुन्हा, बिसेर्काबाई आणि दुसऱ्या शाखेतून येणारे दोन अनोळखी लोक. जो लागेल त्याने वुकाशिनच्या नव्हे, थेट बिसेर्काबाईंच्या हाताखाली काम करायचं, आणि वुकाशिनने त्याच्या बढतीच्या, रजेच्या कागदावर सही करायची नाही. मी उमेदवारांना फोन करून फक्त वेळ कळवायची, खोलीत पाय टाकायचा नाही.

झोरानाला मी म्हटलं, "चूक आमची आहे, तुमची नाही. पण एकदा पुन्हा यावं लागेल." ती म्हणाली, "कुमामुळे ना?"

"हो."

"मी दारातच बोलणार होते. त्याने बोलू दिलं नाही." आणि पुढे म्हणाली, "विचारणार होते, की हा तर आमचा कूम, चालेल ना? मला वाटलं, त्याला जास्त कळतं."

दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी मी खोलीबाहेर कँटीनच्या बाईला मदत केली. कडू कप कुणापुढे ठेवायचा हे तिला मी सांगितलं नाही. आत काय झालं ते आतल्यांनाच ठाऊक. चार दिवसांनी बिसेर्काबाईंनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. झोराना, अठ्ठावन्न. नेवेना, पन्नास.

झोरानाला फोन करताना मी आधी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही बहुतेक, कारण काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग लांबून एका लहान पोरीचा, "आई, काय झालं, काय झालं?" आणि झोराना म्हणत होती, "काही नाही गं, शनिवार संपले." मी फोन ठेवून खिडकीपाशी उभी राहिले आणि डोळे पुसले. भोचक बाईलाही रडायला येतं.

आता नेवेनाचा फोन होता. तो मी केला नाही. तिला घरी बोलावलं, रविवारी, आलुबुखाऱ्याचा केक केला. स्तोयांका आली नाही, निकाल तिच्या कानावर आधीच गेला होता आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. नेवेना एकटी आली आणि कोट न काढताच खुर्चीच्या टोकावर बसली. मी तिला निकाल सांगितला, माझे गुण रद्द झाले ते सांगितलं, कारण सांगितलं.

"आई म्हणते, स्वतःच्या पोरीला पाडून परक्या बाईला घेतलं कुमेने," ती म्हणाली.

"तुला काय वाटतं?"

तिने केकचा तुकडा बोटाने बाजूला सारला. "मला एक कळायला हवंय. रद्द झाले ते गुण. किती दिले होतेस मला?"

"ते सांगायचं नसतं, नेवे. नियम आहे."

"नियम तू काल पाळायला लागलीस. किती, कुमा?"

"वीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाप्तिस्म्याच्या दिवशीही अशीच बघत होती, पाण्याने तोंड ओलं झालं तरी रडली नव्हती.

"आणि मला ओळखत नसतीस तर?"

मी चहा ओतायला उठले. ओतला नाही. पुन्हा बसले.

"सतरा," मी म्हटलं.

नेवेनाने मान हलवली, कोट काढला, आणि केकचा तुकडा ओढून खायला लागली.